चावीचे घड्याळ पडल्यावर या चुका टाळा

चावीचे घड्याळ शहाबादी फरशीवर पडले की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. उचलतात, कानाला लावतात आणि टिकटिक ऐकू आली की पुन्हा मनगटावर चढवतात. सांगलीत आमच्या टेबलावर अशी पडलेली घड्याळे येत असतात. त्यांतल्या बंद पडलेल्यांचे निदान लवकर होते. डोकेदुखी असते ती चालू राहिलेल्यांची, कारण बॅलन्सचे पिव्होट दुखावले तरी घड्याळ कित्येक दिवस चालत राहते.

आत नेमके काय होते

मागचे झाकण उघडले की डावी-उजवीकडे झोके घेणारे चाक दिसते, ते बॅलन्स. त्याच्या मधल्या पोलादी दांड्याला स्टाफ म्हणतात. स्टाफची दोन्ही टोके निमुळती होत जातात आणि साधारण 0.1 मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक राहतात. हेच पिव्होट. एक डायलच्या बाजूला, दुसरे मागच्या झाकणाकडे. दोन्ही माणकाच्या भोकात फिरतात आणि घड्याळ आडवे ठेवले की खालच्या पिव्होटचे टोक दुसऱ्या सपाट माणकावर टेकते.

आता हिशेब करा. घड्याळ 1 मीटर उंचीवरून पडले आणि दगडावर आपटून 1 मिलिमीटरच्या आत थांबले, तर थांबताना आतल्या प्रत्येक भागावर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे हजारपट जोर येतो. समजा बॅलन्सचे वजन 0.1 ग्रॅम आहे. म्हणजे क्षणभर 100 ग्रॅमचा दाब, आणि तो पेलायला एवढेसे टोक. लाकडी टेबल किंवा सतरंजी थोडी दबते, जोर कमी होतो. शहाबादी दबत नाही.

म्हणूनच एचएमटीच्या डायलवर ‘पॅरा शॉक’ लिहिलेले दिसते. त्या रचनेत माणके घट्ट बसवलेली नसतात, एका नाजूक स्प्रिंगखाली असतात. धक्का बसला की माणके किंचित सरकतात, स्टाफचा जाड भाग आधाराच्या कडेला टेकतो आणि मार तो खातो. नंतर स्प्रिंग माणकांना जागेवर आणते. पण तेल वाळून चिकट झाले असेल तर माणके अडकतात, मग पॅरा शॉक असून नसल्यासारखे. दहा-बारा वर्षे न उघडलेल्या घड्याळावर त्या दोन शब्दांच्या भरवशावर राहू नये.

पडण्याची दिशाही महत्त्वाची. घड्याळ पाठीवर सपाट आपटले, तर बॅलन्स मागे झेपावते आणि मागच्या पिव्होटचे टोक चेपते. चावीच्या बाजूवर आपटले, तर जोर आडवा येतो आणि पिव्होट वाकते किंवा मोडते.

चूक: ‘चालतेय ना, मग ठीक आहे’

मध्यंतरी विश्रामबागेतले एक काका एचएमटी जनता घेऊन आले. तक्रार अशी की दिवसा मिनिटभर पुढे जाते, रात्रीत दोन-तीन मिनिटे मागे पडते आणि एकदा सकाळी बंदच सापडले. पडले होते का, विचारले तर आधी नाही म्हणाले. मग आठवले, महिन्यापूर्वी कपाटावरून खाली आले होते, पाठीवर. पण लगेच चालू झाले, म्हणून विषय संपला.

पूर्ण चावी देऊन घड्याळ टाइमग्राफरवर, म्हणजे चाल आणि झोका मोजणाऱ्या यंत्रावर लावले. डायल खाली ठेवल्यावर बॅलन्सचा झोका 265 अंश, म्हणजे छान. डायल वर केल्यावर तोच 190. चांगल्या घड्याळात या दोन्ही आडव्या स्थितींत झोका जवळपास सारखा असतो आणि उभ्या स्थितीत थोडा उतरतो. इथे फक्त एका बाजूवर तो कोसळत होता. डायल वर असताना बॅलन्सचा भार मागच्या पिव्होटवर येतो, आणि घड्याळ पाठीवरच पडले होते. भोवऱ्याची आर बोथट झाली की तो लवकर लडखडतो, तसेच हे: टोक चेपून पसरले की टेकण्याची जागा वाढते आणि घर्षणही.

मनगटावर हात सतत हलतो, भार एका टोकावर टिकत नाही, म्हणून दिवसा काही जाणवत नव्हते. रात्री काका घड्याळ डायल वर करून ठेवायचे. चावी सकाळी दिलेली, तोवर मुख्य स्प्रिंगचा जोरही उतरलेला.

चूक: काटा फिरवून वेळ जुळवणे

दिवसाचे ते मिनिटभर पुढे जाणे कुठून आले? मागे पडते म्हणून कोणीतरी झाकण उघडून रेग्युलेटरचा छोटा काटा ‘फास्ट’कडे सरकवला होता. रात्रीची तूट दिवसा काही अंशी भरून निघायची, चोवीस तासांचा हिशेब बरा दिसायचा आणि दुखणे झाकले जायचे. एका स्थितीत मागे आणि दुसरीत बरोबर चालणारे घड्याळ रेग्युलेटरने दुरुस्त होत नाही.

नुसते सर्व्हिसिंग करणेही तसेच. नवे तेल पडले की झोका थोडा वाढतो, गिऱ्हाईक खूश होते. पण चेपलेले टोक माणकावर घासत राहते आणि पुढच्या वेळी माणकही बदलावे लागते. वाकलेले पिव्होट चिमट्याने सरळ करायच्या फंदात मी पडत नाही. ते पोलाद कडक असते, बहुतेक वेळा तुटतेच.

काकांच्या घड्याळात भिंगाखाली टोकाला कड आलेली दिसली. माणके सुदैवाने शाबूत होती, पण स्प्रिंगखालची जोडी वाळलेल्या तेलाने जाम झालेली. ती धुतली, त्याच मॉडेलचे बॅलन्स, त्याला झुलवणाऱ्या बारीक हेअरस्प्रिंगसकट, बदलले, रेग्युलेटर मध्यावर आणला. डायल वर 270, डायल खाली 275.

घरी कसे ओळखायचे

पूर्ण चावी द्या, मोबाइलच्या वेळेशी लावा आणि डायल वर करून 12 तास ठेवा. फरक लिहून ठेवा. पुन्हा पूर्ण चावी देऊन डायल खाली, मऊ कापडावर, तेवढाच वेळ. जुन्या जनतात दोन्हींत 10-15 सेकंदांचा फरक निघाला तर काळजी नको. मिनिटाच्या पुढे गेला किंवा एका बाजूवर घड्याळ बंद पडले, तर पिव्होटवर संशय घ्या. दोन्ही आडव्या बाजूंवर ठीक आणि उभे केले की बिघडत असेल, तर पिव्होट वाकल्याचीही शक्यता असते. पिव्होट मोडले असेल तर बॅलन्स एका बाजूला कललेले दिसते. काही वेळा घड्याळ एका कुशीवर कसेबसे चालते, उलटे केले की थांबते.

पडल्यानंतरचे प्रत्येक दुखणे पिव्होटचे नसते. तासाला कित्येक मिनिटे पुढे पळू लागले, तर बहुधा हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले आहेत. सगळ्याच स्थितींत झोका सारखाच मंद असेल, तर आधी घाण आणि वाळलेले तेल पाहावे.

बंद पडलेले घड्याळ तळहातावर आपटून चालू करू नका. मोडलेल्या टोकाचा कण आत सुटा असेल, तर तो दुसऱ्या चाकात जाऊन बसतो. दुरुस्तीला देताना ‘बंद आहे’ एवढेच न सांगता कुठून, कशावर आणि कोणत्या बाजूवर पडले ते सांगा, म्हणजे कोणते पिव्होट आधी पाहायचे ते झाकण उघडण्यापूर्वीच कळते.