तीस मिली एकदम, की दहा-दहा तीन वेळा? चहातलं कॅफीन आणि सेपरेटिंग फनेल

बी.एस्सी. किंवा एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला पहिल्यांदा सेपरेटिंग फनेल हातात आलं की सूचना ठरलेली असते: द्रावक एकदम ओतू नका, थोडं थोडं वापरा. सूचना बरोबर आहे. पण थोडं म्हणजे किती, किती वेळा, आणि कुठे थांबायचं, हे आकड्यांनी पाहिल्याशिवाय समजत नाही. म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ: चहाच्या काढ्यातलं कॅफीन डायक्लोरोमिथेनमध्ये ओढून घेणं. साहित्य सांगलीतल्या कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत सापडेल असंच आहे.

आधी नियम. पाणी आणि डायक्लोरोमिथेन एकमेकांत मिसळत नाहीत. दोन्हींमध्ये विरघळणारा पदार्थ त्यांच्यात घातला आणि भरपूर ढवळलं, की ठरावीक तापमानाला दोन थरांतल्या त्याच्या संहतींचं गुणोत्तर स्थिर होतं. वाल्थर नर्न्स्टने हा नियम 1891 मध्ये मांडला. या गुणोत्तराला वितरण गुणांक म्हणतात. इथे त्याला D म्हणू, म्हणजे डायक्लोरोमिथेनमधली संहती भागिले पाण्यातली संहती. कॅफीनसाठी 8 ते 10 च्या आसपासचे आकडे भेटतात. हिशेबाला 10 घेऊ.

नवख्यांची पहिली गफलत इथेच होते. D दहा आहे म्हणजे दहा भाग कॅफीन खाली आणि एक भाग वर, असं समजलं जातं. D हे संहतींचं गुणोत्तर आहे, वजनांचं नाही. वजन काढायचं तर दोन्ही थरांचं आकारमान हिशेबात घ्यावं लागतं. 100 मिली पाण्यावर 10 मिली डायक्लोरोमिथेन घेतलं तर खालच्या थराची ओढ दहापट असली तरी त्याची जागा दहावा हिस्साच आहे. त्यामुळे कॅफीन निम्मं निम्मं वाटलं जातं. सूत्र असं:

```
w_n = w_0 × [ V_w / (V_w + D·V_o) ]^n
```

w_0 म्हणजे सुरुवातीला पाण्यात असलेलं कॅफीन, w_n म्हणजे n वेळा काढल्यावर पाण्यात उरलेलं, V_w पाण्याचं आकारमान आणि V_o दर खेपेच्या द्रावकाचं.

आता आकडे घालू. 10 ग्रॅम चहापत्तीतून 100 मिली काढ्यात 300 मिलिग्रॅम कॅफीन उतरलं असं धरू (चहापत्तीत कॅफीन साधारण 2 ते 4 टक्के असतं). आपल्याकडे डायक्लोरोमिथेन एकूण 30 मिली आहे.

तीसही मिली एकदम ओतलं, तर पाण्यात 100 भागिले 400, म्हणजे चौथा हिस्सा उरतो. 75 मिलिग्रॅम पाण्यात राहिलं, 225 हाती आलं. तेच 30 मिली दहा-दहाच्या तीन खेपांत वापरलं, तर दर खेपेला पाण्यातलं निम्मं निघतं: आधी 150, मग 75, मग 37.5. पाण्यात उरलं 37.5 आणि हाती आलं 262.5. उरलेला माल निम्म्यावर आला. यातली सर्वांत बोलकी गोष्ट दुसऱ्या खेपेनंतर दिसते. तिथेच 225 मिलिग्रॅम निघालेलं असतं, म्हणजे 20 मिली द्रावकाने 30 मिलीचं काम केलेलं असतं.

असं का होतं, हे सूत्रापेक्षा थरांकडे पाहून लवकर समजतं. एकदम ओतलेल्या द्रावकात कॅफीन भरत जातं आणि समतोल साधला की ओढ थांबते. दुसऱ्या खेपेचा द्रावक कोरा असतो, त्याच्यात काहीच नसतं, म्हणून पाण्यातून पुन्हा ओढ सुरू होते.

मग पाच-पाच मिलीच्या सहा खेपा का नकोत? तेव्हा उरतात साधारण 26 मिलिग्रॅम. कागदावर 30 मिलीचे अगणित थेंब पाडून वापरले, तरी उरलेलं 15 मिलिग्रॅमच्या खाली जात नाही, कारण ती मर्यादा 300 × e⁻³ अशी ठरलेली आहे. एकावरून तीन खेपांवर गेलं की 37.5 मिलिग्रॅम वाचतात. तीनावरून सहावर गेलं की जेमतेम 11. आणि त्या 11 साठी तीन वेळा जादा ढवळणं, थांबणं, थर वेगळे करणं. शिवाय 100 मिली पाण्यात एक-दीड मिली डायक्लोरोमिथेन विरघळून जातं. 5 मिलीची पहिली खेप त्यातच पाव-एक संपते. म्हणून अशा कामाला तीन खेपा पुरतात, आणि पहिली 11–12 मिलीची घ्यावी, म्हणजे पाण्यात गेलेलं भरून निघतं.

हा विरघळण्याचा मुद्दा इथिल ॲसिटेट वापरताना फार महागात पडतो. 100 मिली पाणी त्यातलं साधारण 9 मिली गिळतं. 10 मिली ओतून ढवळलं की वरचा थर जवळजवळ दिसतच नाही आणि विद्यार्थी हबकतो. थर कुठे गेला? पाण्यात गेला. अशा वेळी पाणी आधीच इथिल ॲसिटेटने संपृक्त करून घ्यावं किंवा भरपूर मीठ घालावं. सूत्र दोन्ही द्रावक एकमेकांनी आधीच संपृक्त आहेत असं धरूनच चालतं.

आता प्रत्यक्ष कृती. 10 ग्रॅम चहापत्ती, 130 मिली पाणी आणि 3–4 ग्रॅम सोडियम कार्बोनेट दहा-पंधरा मिनिटं उकळा, गरम असतानाच गाळा आणि आकारमान 100 मिली करा. कार्बोनेटमुळे चहातली टॅनिन क्षाररूपात जाऊन पाण्यातच राहतात. कॅफीन उदासीनच राहतं, म्हणून ते खाली जायला मोकळं असतं.

यानंतर काढा बर्फात थंड केल्याशिवाय पुढे जाऊ नका. डायक्लोरोमिथेन 40 अंशांना उकळतं. सांगलीत एप्रिल-मे महिन्यात दुपारी प्रयोगशाळेतलं तापमानच त्याच्या अगदी जवळ जातं. वर काढा कोमट असेल तर बुच लावताच फनेलमध्ये दाब चढतो आणि बुच उडतं. उन्हाळ्यात हे प्रॅक्टिकल सकाळच्या बॅचला घ्यावं, द्रावकाची बाटली आधी बर्फात ठेवावी आणि सगळं फ्यूम हूडमध्ये करावं. 250 मिलीचं फनेल घ्या. एका हाताने बुच दाबून फनेल उलटं करा, नळी वर आणि सगळ्यांच्या तोंडापासून दूर ठेवून कॉक उघडा, वाफ जाऊ द्या. सुरुवातीला दर दोन-तीन हेलकाव्यांना हे करा. आवाज यायचा बंद झाला की पुढे.

जोरजोरात हलवणं ही चहाच्या बाबतीतली सर्वांत मोठी चूक. टॅनिनचे क्षार साबणासारखे वागतात आणि दोन थरांमध्ये तपकिरी फेसाळ पट्टा तयार होतो, जो तासभर हटत नाही. फनेल सावकाश वर-खाली उलटवा, दोन-तीन मिनिटं. वितरणाला वेग नको, दोन थरांचा पुरेसा वेळ संपर्क हवा. पट्टा पडलाच तर फनेल स्टँडवर ठेवून थांबा, काचेच्या कांडीने हलकेच फिरवा, नाहीतर चमचाभर मीठ घाला. मीठ मात्र जास्त नको: त्याने पाण्याचा थर जड होतो आणि डायक्लोरोमिथेनशी असलेला घनतेतला फरक कमी होतो.

पट्ट्याबद्दल एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. पहिल्या दोन खेपांत पट्ट्याजवळचा अर्धा-एक मिली गढूळ द्रावक खाली घ्यायची धडपड करू नका, फनेलमध्येच राहू द्या. त्यातलं कॅफीन पुढच्या खेपेत मिसळणारच आहे. फक्त शेवटच्या खेपेला नीट थांबा, आणि तेव्हाही मागे राहिलेल्या अर्ध्या मिलीत 2 मिलिग्रॅमच असतात. 30 मिली एकदम वापरणाऱ्याचा एक मिली मागे राहिला, तर साडेसात मिलिग्रॅम जातात आणि त्याला दुसरी संधी नसते.

डायक्लोरोमिथेन पाण्यापेक्षा जड, म्हणून ते खाली. ईथर किंवा इथिल ॲसिटेट असेल तर वर. शंका आली तर फनेलमध्ये पाण्याचा थेंब सोडा. तो ज्या थरात मिसळून जाईल तो पाण्याचा. खालचा थर काढताना बुच काढलेलं हवं, नाहीतर प्रवाह अडखळतो. आणि दोन्ही थर शेवटपर्यंत ठेवा, बेसिनमध्ये काही ओतू नका.

काम बरोबर झालं की नाही हे ओळखायची युक्ती अशी, की तिन्ही खेपा एकत्र करायच्या नाहीत. तीन वेगवेगळे, आधी वजन केलेले फ्लास्क घ्या. प्रत्येक खेप निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवा, त्याचे गोळे होणं थांबून ते सुटं राहिलं की गाळा, वॉटर बाथवर हूडमध्येच द्रावक उडवा आणि वजन करा. लागोपाठच्या दोन वजनांचं गुणोत्तर (1 + D·V_o/V_w) एवढं यायला हवं. हे आधी शुद्ध कॅफीनच्या द्रावणावर, 100 मिलीत 300 मिलिग्रॅम घेऊन, करून पाहावं. समजा पहिली दोन वजनं 148 आणि 76 आली: भागाकार 1.95, त्यातून 1 वजा केला की 0.95, आणि 10 मिलीच्या खेपेसाठी D निघतो साधारण 9.5. पुस्तकातला आकडा न घेताही तुमचा D तुमच्या हातातल्या दोन फ्लास्कमधून मिळाला.

भागाकार 1.2 किंवा 1.3 असा आला, तर पहिल्या खेपेत ढवळणं कमी पडलं किंवा खालचा थर बराच मागे राहिला. चहाच्या काढ्यात तिसऱ्या फ्लास्कचं वजन अपेक्षेपेक्षा जास्त आणि रंग हिरवट दिसला, तर ते सगळं कॅफीन नाही. हरितद्रव्य आणि उरलेला ओलावाही त्यात मोजला गेला आहे.

खेपा पाडण्याचा फायदा सगळीकडे सारखा नसतो. कार्बन टेट्राक्लोराइड आणि पाण्यातल्या आयोडीनचा D सुमारे 85 असतो. तिथे 30 मिली एकदम वापरूनही 96 टक्के माल हाती येतो. खेपा पाडून उरलेले साडेतीन-पावणेचार टक्के मिळतात, एवढंच. उलट D जर 0.5 असेल, तर एकदम काढून पाण्यात 87 टक्के उरतं आणि तीन खेपांत 86.4. तिथे खेपा वाढवणं म्हणजे वेळ वाया. द्रावक बदला, मीठ घाला किंवा पदार्थ आम्ल-अल्कली असेल तर pH बदला, म्हणजे D च वाढवा.

बेंझोइक आम्लाची गोष्ट आणखी वेगळी. टोल्युईनमध्ये त्याचे रेणू जोडीने राहतात, त्यामुळे साधं गुणोत्तर स्थिर राहत नाही. द्रावण जितकं पातळ, तितका D कमी. म्हणून नंतरच्या खेपा सूत्रापेक्षा कमी देतात, आणि वजनांचं गुणोत्तर प्रत्येक खेपेला बदलताना दिसलं तर तो हाताचा दोष समजू नये.

हळदीच्या पुडीतून कुर्कुमीन काढतानाही हेच सूत्र लावायचा मोह होतो. कच्चा माल बाजारातच असल्यामुळे सांगलीत प्रोजेक्टसाठी हा विषय बरेच जण घेतात. कोरा द्रावक थोडा थोडा वापरावा हे तिथेही खरं आहे, पण पुडीच्या कणाच्या आतून रंगद्रव्य बाहेर यायला वेळ लागतो आणि तो वेळ कणाच्या आकारावर ठरतो. समतोल झालेला नसताना D घालून काढलेला आकडा प्रोजेक्टच्या वहीत लिहू नये. तिथे पूड किती बारीक चाळली, किती तास ठेवली आणि प्रत्येक खेपेला किती निघालं, हे तीन रकाने लिहावेत.