‘चुकून पैसे गेले’ असं बँकेला लिहू नका

बँकेच्या काउंटरमागे बरीच वर्षं काढली. अनोळखी दुकानाच्या नावाने पैसे गेल्याचा मेसेज घेऊन माणसं यायची आणि त्यांच्या दहा अर्जांपैकी सात मला परत लिहून घ्यावे लागायचे. चुका त्याच त्या. त्यातली माझ्या डोक्यात जाणारी एक म्हणजे ‘चुकून’ हा शब्द.

आमच्या वाड्यातल्या एका काकांच्या खात्यातून डेबिट कार्डावर ४,८९९ रुपये गेले. दुकानाचं नाव कधी न ऐकलेलं. काकांनी अर्ज लिहिला, ‘माझ्या खात्यातून चुकून पैसे गेले आहेत, तरी परत मिळावेत.’ वाचणाऱ्याने काय समजावं? काकांनी स्वतःच चुकीच्या माणसाला पैसे पाठवले, असंच ना? अर्ज त्याच गठ्ठ्यात गेला. तिथे ज्याला पैसे मिळाले त्याची संमती विचारत बसतात. एकोणीस दिवसांनी काका चौकशीला गेले, तेव्हा हा घोळ कळला.

वाचवलं कशाने? मेसेज आला त्याच रात्री काकूंनी हेल्पलाइनला फोन करून कार्ड बंद करवलं होतं आणि तक्रार क्रमांक दुधाच्या बिलाच्या पाठीमागे लिहून ठेवला होता. तक्रारीची तारीख त्यावरून सिद्ध झाली. नवा अर्ज मी लिहून दिला, तो असा:

‘माझ्या बचत खात्यातून (शेवटचे चार अंक …) दि. … रोजी … वाजता डेबिट कार्डाद्वारे ४,८९९ रुपये वजा झाल्याचा मेसेज आला. त्यात व्यापाऱ्याचे नाव … आणि संदर्भ क्रमांक … असा आहे. हा व्यवहार मी केलेला नाही व त्यास परवानगी दिलेली नाही. कार्ड माझ्याकडेच आहे. पिन किंवा ओटीपी मी कोणाला सांगितलेला नाही. त्याच रात्री … वाजता कार्ड बंद केले, तक्रार क्रमांक …. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबतच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार रक्कम परत जमा करावी.’

संपलं. ‘मी गरीब माणूस आहे’ नको आणि व्हॉट्सअॅपवरून आलेली कोर्टाची धमकी तर नकोच. ओटीपी सांगितला असेल तर मात्र ते वाक्य लिहू नका, खरं काय घडलं ते लिहा. तुमच्या हलगर्जीने पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच असतं, आणि खोटं उघडं पडलं की उरलेला अर्जही कोणी खरा मानत नाही.

तारखेचा एवढा आग्रह का, तर त्याच नियमांत दिवस मोजलेत. चूक ना बँकेची ना तुमची, पैसे तिसऱ्याच कोणी लांबवले, अशा वेळी मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काही भार नाही. कामकाजाचे चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंतचा भार येऊ शकतो. त्यापुढे बँकेच्या स्वतःच्या धोरणावर. मेसेज आला तो दिवस धरत नाहीत. म्हणजे दुसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी मेसेज आला तर मोजणी सोमवारी सुरू होते आणि बुधवार हा तिसरा दिवस. पण म्हणून बुधवारपर्यंत थांबणारे महाभाग मी पाहिलेत! कार्ड आधी बंद करा, अर्ज नंतर. पत्र सुंदर टाइप होईपर्यंत चोर थांबत नाही. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची असते. ती खर्च करायला निघू नका, निकाल लागायचा असतो.

स्क्रीनशॉट कापू नका. लोक रक्कम आणि दुकानाचं नाव तेवढं ठेवून बाकी उडवतात. आम्हाला हवी असते नेमकी ती उडवलेली तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचं नाव आणि संदर्भ क्रमांक. मी तर मेसेजचा मजकूर अर्जातही जसाच्या तसा उतरवून काढायला लावतो, कारण मोबाइलचा काळा पडदा झेरॉक्सवर काळाच उमटतो.

नाव अनोळखी म्हणजे चोरीच, असंही नाही. हॉटेलची पाटी एक आणि नोंदणीकृत फर्मचं नाव दुसरं, हे रोजचं आहे. पोराने लावलेलं ऑटोपेही असतं. घरात विचारून घ्या, पण पाच मिनिटांत, पाच दिवसांत नाही.

अर्जात पूर्ण कार्ड नंबर, सीव्हीव्ही, पिन लिहू नका. हेल्पलाइनचा नंबर कार्डाच्या पाठीवरून घ्या, इंटरनेटवर शोधून नको.

आणि पोच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणाले तर तिथेच बसा, किंवा तोच मजकूर बँकेत नोंदवलेल्या तुमच्या ईमेलवरून पाठवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, आणि तिथे बँकेकडे आधी तक्रार केल्याचा पुरावा म्हणून हीच पोच जोडायची असते.