‘पण’च्या आधी कात्री मारू नका (भाषणाच्या क्लिप्स करताना मी खाल्लेली माती)

एडिटिंगचं बेसिक तुम्हाला येतं असं धरून चालतोय. उभी फ्रेम, खाली वाक्य, रिल तयार. मलाही येत होतं, म्हणूनच तर फसलो.

डिसेंबरात देवगडात आंबा बागायतदारांसाठी एका निवृत्त कृषी अधिकारी सरांचं व्याख्यान झालं, सव्वा तासाचं. रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं, त्यातून 7 क्लिप्स काढून पंधरा दिवसांत टाकायच्या होत्या. पहिलं मोठं काम, त्यामुळे झोपेत पण टाइमलाइन दिसत होती.

सर एका ठिकाणी बोलले, "फवारणी करू नका." मग थांबले, पाणी प्यायले, आणि मग, "म्हणजे मोहोर पूर्ण फुललेला असताना करू नका, परागीभवन करणाऱ्या माश्या मरतात. तुडतुडे असतील तर मोहोर फुलायच्या आधीच बघा." मी कुठे कापलं असेल? पाण्याच्या घोटावर. आवाज छान पडलेला, पॉज नैसर्गिक, आणि खाली पिवळ्या ठळक अक्षरात ‘फवारणी करू नका’. मला तेव्हा फार भारी वाटलेलं हो.

दुसऱ्या दिवशी गावातल्या एका काकांचा फोन, "मेल्या, फवारणी करू नको म्हणतंस, मग तुडतुडे काय तू येवन खातलंस?"

मी घाईघाईत कॅप्शन बदललं, पूर्ण वाक्य लिहिलं. पण तोवर क्लिप डाउनलोड होऊन बागायतदारांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरत होती, आणि तिथे कॅप्शन जातच नाही, जातं फक्त व्हिडिओवर छापलेलं वाक्य. पोस्ट झालेल्या रिलमधला व्हिडिओ बदलता येत नाही, डिलीट करून नवा टाकावा लागतो. टाकला. फिरत असलेला जुना काय परत येतोय?

म्हणून आता हे नीट ऐका, कारण बाकी सगळं तुम्ही चुकत चुकत शिकाल, हे मात्र चुकू नका. कापायची जागा ठरली की तिथे थांबायचं नाही, पुढची 20-30 सेकंद ऐकायची. ‘पण’, ‘म्हणजे’, ‘फक्त’, ‘अर्थात’ यातला एकही शब्द आला तर बोलणाऱ्याचं म्हणणं अजून संपलेलं नाही, कट पुढे न्यायचा. मागचं वाक्य पण ऐकायचं, कारण कधीकधी अट आधीच येऊन गेलेली असते, "कलम लहान असेल तर..." असं म्हणून सर पुढे तीन मिनिटं बोलत होते.

आणि छापायच्या वाक्यात अट आलीच पाहिजे. ‘फवारणी करू नका’ नाही, ‘मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी नको’. कमी झणझणीत वाटतं, वाटू दे. ‘अं’, ‘काय म्हणतात ते’ काढलेलं चालतं, पण ‘शक्यतो’ काढू नका, सर ‘शक्यतो’ उगाच म्हणत नाहीत. दोन ओळीत मावत नसेल तर वाक्य तोडू नका, दुसरं वाक्य शोधा. आणि मजकूर फ्रेमच्या अगदी तळाला नको, तिथे अकाउंटचं नाव आणि कॅप्शन येऊन बसतं. माझ्या दुसऱ्या क्लिपचा ‘नका’ त्याखाली गेला होता, म्हणजे अर्थ पुन्हा उलटा! रडायचंच बाकी होतं.

पहिल्या तीन सेकंदात धक्का द्या म्हणून शिकवणारे भरपूर आहेत. मी त्यातल्या एकाला पैसेपण दिलेत. बागायतदाराला धक्का नको असतो, औषध कधी मारायचं ते कळायला हवं असतं.

वेळापत्रकात माझी अजून एक चूक. सातही क्लिप्स एका बसण्यात मेटा बिझनेस सूटमध्ये शेड्यूल करून मोकळा झालो, एक दिवसाआड, रात्री 8 ला, बागेतून माणसं घरी आलेली असतात म्हणून. वेळ बरोबर होती, पण सहाव्या क्लिपच्या सुरुवातीला मी तेच ‘फवारणी करू नका’ पुन्हा वापरलेलं, आणि गोंधळात ते विसरलो. दहा दिवसांनी ते वाक्य आपोआप परत पोस्ट झालं. काकांनी या वेळी फोन केला नाही, थेट घरी आले.

आता पहिल्या चारच शेड्यूल करतो. उरलेल्या तीन तयार ठेवतो पण लावत नाही, कमेंटमध्ये काय विचारतायत ते बघून एखादी बदलतो. कुठलं वाक्य कुठल्या क्लिपमध्ये आहे, किती मिनिट-सेकंदाला आहे ते एका शीटमध्ये, म्हणजे एक बिघडलं की सगळीकडून काढता येतं. क्लिपवर ‘भाग 1, भाग 2’ लिहायचं सोडलं, लोकांना त्या क्रमाने दिसतच नाहीत, प्रत्येक क्लिप एकटीने उभी राहायला हवी.

आणि छापायची सातही वाक्यं सरांना आधी व्हॉट्सॅप करतो. तेव्हा लाजलो होतो, मोठ्या माणसाला काय त्रास द्यायचा म्हणून. पुढच्या व्याख्यानाची पाठवली तर सरांनी दहा मिनिटांत दोन दुरुस्त्या सांगितल्या, आणि वर विचारलं, "मी इतका कमी बोललो का रे?"