रस्स्यात वाइन, केळीत रम: शिजल्यावर अल्कोहोलच्या कॅलरी किती उरतात? या चुका टाळा

नाशिकची वाइन आता जळगाव-धुळ्याच्या स्वयंपाकघरांतही पोहोचली आहे. मटणाच्या रस्स्यात पेलाभर रेड वाइन घालायची किंवा गुळाच्या पाकातल्या केळीवर रम ओतायची, असे प्रयोग हौसेने होतात. मग खाण्याचा हिशेब ठेवणारं कोणीतरी विचारतं, “याच्या कॅलरी किती धरायच्या?” उत्तरं दोनच मिळतात. एक जण म्हणतो, “अल्कोहोल उडून जातं, शून्य धरा.” दुसरा मोबाइलमधल्या अॅपमध्ये वाइनचे मिलिलिटर टाकतो आणि येईल तो आकडा जसाच्या तसा धरतो. दोघांचंही चुकतं, आणि रमच्या बाबतीत ही चूक चांगलीच मोठी असते.

पहिली चूक ७८ अंशांची. शुद्ध अल्कोहोल साधारण ७८ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पाणी १०० ला. त्यावरून लोक समजतात की रस्सा ७८ च्या पुढे गेला की अल्कोहोल आधी निघून जाईल आणि मागे फक्त पाणी राहील. पण रस्स्यात अल्कोहोल पाण्यात पूर्ण मिसळलेलं असतं. मिश्रण उकळतं तेव्हा दोन्हींची वाफ एकत्र निघते. त्या वाफेत अल्कोहोलचं प्रमाण रस्स्यातल्यापेक्षा बरंच जास्त असतं, म्हणून सुरुवातीला ते झपाट्याने कमी होतं. मात्र रस्स्यात ते जसं विरळ होत जातं तसं वाफेबरोबर जाणारं अल्कोहोलही कमी होतं, आणि शेवटचा भाग बाहेर पडायला फार वेळ लागतो.

हे मोजून पाहिलेलं आहे. १९९२ साली अमेरिकेत सहा वेगवेगळे पदार्थ शिजवून त्यांतलं अल्कोहोल तपासलं गेलं, तेव्हा पदार्थानुसार ४ टक्क्यांपासून ८५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल शिल्लक सापडलं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात असेच आकडे आहेत. पदार्थात ढवळून मंद आचेवर १५ मिनिटं शिजवलं तर घातलेल्यापैकी सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरतं. अर्ध्या तासाने ३५, एका तासाने २५, दोन तासांनी १० आणि अडीच तासांनी ५ टक्के. पहिल्या पाव तासात ६० टक्के गेलं, पण पुढच्या पाव तासात जेमतेम ५. हा उतार लक्षात ठेवला तर निम्मे गैरसमज आपोआप मिटतात.

आता एक पातेलं घेऊन हिशेब करू. एक किलो मटण, खाणारे चौघं, आणि १३ टक्क्यांची २०० मिलिलिटर रेड वाइन.

इथे दुसरी चूक होते: बाटलीवरचे टक्के ग्रॅम म्हणून वाचले जातात. ते आकारमानाचे असतात. २०० मिलिलिटरचे १३ टक्के म्हणजे २६ मिलिलिटर अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, एका मिलिलिटरचं वजन साधारण ०.७९ ग्रॅम. म्हणजे वजन भरतं सुमारे २०.५ ग्रॅम. एका ग्रॅममागे ७ कॅलरी धरल्या तर झाल्या १४४. (कॅलरी म्हणजे इथे सगळीकडे किलोकॅलरी, पाकिटांवर छापतात तीच.) २६ ला थेट ७ ने गुणणारा १८२ लिहून मोकळा होतो आणि सुरुवातच चुकते.

यातलं किती उरलं, हे वाइन कधी घातली यावर ठरतं, आणि खान्देशी पद्धतीच्या मटणात नेमकं इथेच फसायला होतं. आपण मटण आधी हळद-मीठ लावून कुकरमध्ये शिजवतो. मग भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि काळा मसाला यांचं वाटण तेलात परतून त्यात मटण आणि त्याचं पाणी सोडतो. कोणी म्हणतं, “मटण तासभर शिजलं, म्हणून २५ टक्के धरू.” पण वाइन पडली मसाल्यात, कुकर उघडल्यावर, आणि त्यानंतर रस्सा पंधरा मिनिटंच उकळला. घड्याळ वाइन पडल्यापासून लावायचं. म्हणजे ४० टक्के, ८.२ ग्रॅम, सुमारे ५७ कॅलरी.

वाइनमध्ये अल्कोहोलशिवाय थोडी साखर आणि इतर घटकही असतात. ते उडत नाहीत. कोरड्या रेड वाइनच्या २०० मिलिलिटरमध्ये त्यांच्या मिळून साधारण २० कॅलरी धरल्या तर एकूण ७७ होतात, माणशी १९. अॅपने पूर्ण वाइनच्या १७० च्या आसपास धरल्या असत्या, माणशी ४२ पेक्षा जास्त. शून्य म्हणणाराही चुकला आणि अॅपही. तरी मला यात फार जीव अडकवण्यासारखं काही दिसत नाही. रस्स्यावर तर्री यावी म्हणून मोठा चमचाभर तेल जास्त घातलं की १२० कॅलरी वाढतात. वजनासाठी हिशेब ठेवणाऱ्याने या मटणात आधी तेलाचा चमचा मोजावा. गोड वाइन किंवा साखर घातलेलं लिक्यूर असेल तर मात्र साखरेचा भाग बराच मोठा होतो आणि तो पूर्णच्या पूर्ण धरावा लागतो.

झाकणाची चूक अनेकांच्या लक्षातच येत नाही. झाकलेल्या पातेल्यात वाफ झाकणाला लागते, थंड होते आणि थेंबांनी परत रस्स्यात पडते. त्या थेंबांत अल्कोहोल रस्स्यापेक्षा जास्त असतं, म्हणजे निघालेला मालच घरी परत येतो. अरुंद, उंच पातेल्यातही तोच प्रकार थोड्या प्रमाणात होतो, कारण वाफ सुटायला पृष्ठभाग कमी मिळतो. कुकरमध्ये वाइन घातली तर शिट्टीबरोबर जाते तेवढीच वाफ बाहेर पडते. वरचे टक्के त्याला लावू नका, बरंच जास्त उरलं असं समजा. अल्कोहोल कमी करायचं असेल तर वाटण परतल्यावर रुंद कढईत वाइन ओता, झाकण न ठेवता ती निम्मी होईपर्यंत आटवा, मगच मटणाचं पाणी सोडा. कढईच्या कडेला राहिलेली जुन्या पातळीची रेघ बघा. पातळी खाली गेलीच नसेल तर घड्याळ काहीही सांगो, अल्कोहोलही फारसं गेलेलं नाही.

वासावर विसंबणं हीदेखील चूकच. “आता दारूचा वास येत नाही, म्हणजे गेली,” असं खात्रीने सांगितलं जातं. काळ्या मसाल्यापुढे विरळ अल्कोहोलचा वास टिकतच नाही, आणि शेगडीजवळ अर्धा तास उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाला तर तो मुळीच कळत नाही.

आता रमकडे येऊ, कारण मोठा घोटाळा इथे आहे. केळी आपल्याकडे रावेर-यावलच्या बागांतून घरोघरी येते, आणि लोणी-गुळाच्या पाकात परतलेल्या केळीवर रम घालून आइस्क्रीमबरोबर वाढणं सोपंही आहे. ६० मिलिलिटर रम घेऊ, बाटलीवर ४२.८ टक्के. अल्कोहोल झालं २५.७ मिलिलिटर, म्हणजे २०.३ ग्रॅम, म्हणजे १४२ कॅलरी. पेलाभर वाइनइतकंच अल्कोहोल, पण खाणारे दोघं आणि शिजवणं जवळजवळ नाहीच.

नेहमीची पद्धत अशी की पाक उकळला, गॅस बंद केला, रम ओतली, ढवळलं आणि वाढलं. उकळत्या पदार्थात घालून आचेवरून उतरवलं तर तक्त्याप्रमाणे ८५ टक्के उरतं. म्हणजे १७.३ ग्रॅम, १२१ कॅलरी. माणशी ६० कॅलरी आणि ८.६ ग्रॅम अल्कोहोल. त्याच रमच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये १० ग्रॅमच्या थोडं वर असतं. वाटीतल्या केळीबरोबर पाहुण्याच्या पोटात जवळजवळ एक लहान पेग जातो आणि ते त्याला ठाऊकही नसतं.

काही जण काडी लावून ज्योत पेटवतात आणि समजतात की सगळं जळून गेलं. ज्योत विझते ती पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ उरत नाही म्हणून. पाकात मुरलेलं अल्कोहोल तिथेच असतं. पेटवलेल्या पदार्थात सुमारे ७५ टक्के उरतं, इथे १५.२ ग्रॅम. तमाशा मोठा, घट फक्त चौथ्या हिश्शाची. ज्योतीवर थेट बाटलीतून ओतणं तर जिवाशी खेळ आहे.

मग पंधरा मिनिटं उकळू? लगेच दुसरी अडचण येते: तेवढ्या वेळात केळीचा लगदा होतो आणि गूळ कढईला धरतो. म्हणून क्रम बदला. आधी गूळ, अर्धी वाटी पाणी आणि रम एकत्र करून रुंद कढईत उघडं, मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळा. आटून घट्ट व्हायला लागलं तर गरम पाण्याचा हबका मारा. मग लोणी, आणि अगदी शेवटी जाड चकत्या केलेली, फार न पिकलेली केळी, दोन मिनिटांपुरती. आता ४० टक्के धरले तर ८.१ ग्रॅम, ५७ कॅलरी, माणशी २८. रमची चव गुळात मुरलेली असते, त्यामुळे शेवटी पुन्हा चमचाभर वरून घालायचा मोह आवरा. तो चमचा कच्चा राहतो आणि त्याच्या १०० टक्के कॅलरी धराव्या लागतात. भाजून झालेल्या केकवर रम शिंपडतात त्याचंही तसंच आहे.

हिशेब लिहिताना माझी पद्धत साधी आहे. वाइन किंवा रम अॅपमध्ये टाकतच नाही. अल्कोहोलचे ग्रॅम वेगळे काढते, वाइन किंवा रम पडल्यापासूनच्या मिनिटांप्रमाणे टक्के लावते, साखरेचा भाग पूर्ण मिळवते आणि ती बेरीज पदार्थात घालते. तयार पदार्थाचं वजन करून किती अल्कोहोल गेलं हे काढता येत नाही, कारण घटलेलं वजन बहुतेक पाण्याचंच असतं.

हे टक्के कॅलरीच्या हिशेबाला पुरतात. पाच-दहा टक्के इकडेतिकडे झाले तर त्या मटणात माणशी दोन-चार कॅलरींचाच फरक पडतो. ज्याला अल्कोहोल अजिबात चालत नाही त्याच्यासाठी मात्र ते वापरू नका. गरोदर बाई, लहान मुलं, दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामची गोळी घेणारा माणूस आणि धर्माने किंवा व्रताने मद्य वर्ज्य असलेला पाहुणा यांच्यासाठी दोन तास शिजवून उरलेले १० टक्केही जास्तच. त्या गोळीवर असताना थोड्या अल्कोहोलनेही चेहरा लाल होणं, उलट्या, छातीत धडधड असा त्रास होऊ शकतो. त्यांच्यासाठी वाइन घालण्याआधीच रस्सा वेगळ्या पातेल्यात काढून ठेवा, आणि त्यात आंबटपणा हवा असेल तर कोकम किंवा चिंच घाला.