उर्दू लिपी शिकताय? रोजचा तास या चुकांमध्ये घालवू नका

नोकरी सांभाळून रोज एक तास, आणि सहा-सात आठवड्यांत उर्दू पाट्या अन् सोपी वाक्यं वाचायची, हे मराठी माणसाला जमतं. हिंदी कानावर असल्यामुळे भाषा निम्म्याहून अधिक येतच असते, अडतं ते लिपीपाशी. माझे पहिले तीन आठवडे मात्र वाया गेले, कारण शाळेतल्या अ-आ-इ सारखी मी अलिफपासून बडी येपर्यंत सगळी अक्षरं सुटी-सुटी घोटली. वही सुंदर दिसायची, पण शब्द समोर आला की एकही अक्षर ओळखू येईना.

उर्दूत अक्षर शब्दात शिरलं की अंग चोरतं. बे, पे, ते, टे, से यांची सुटी रूपं म्हणजे पसरट होडी. शब्दाच्या मध्ये त्यांचा उरतो फक्त एक दात, आणि नून आणि ये यांचाही अगदी तसाच दात. ओळख पटते ती नुक्त्यांवरून, म्हणजे टिंबांवरून: खाली एक असेल तर बे, खाली तीन तर पे, वर दोन तर ते, वर एक तर नून, खाली दोन तर ये. म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त अलिफ आणि बेचं कुटुंब घ्या, आणि पहिल्याच दिवसापासून जोडून लिहा: आप, बाप, बात, बाबा. दुसऱ्या आठवड्यात दाल, रे, वाव आणि जीमचं कुटुंब. तिसऱ्यात सीन, काफ, गाफ, लाम, मीम, नून. चौथ्यात ये, हे आणि दोन डोळ्यांसारखा दिसणारा दोचश्मी हे. या शेवटच्याला वेळ द्या, कारण आपला भ म्हणजे तिथे बे अधिक दोचश्मी हे. ज़ाल, ज़्वाद, ज़ोय, झे ही मंडळी पाचव्या आठवड्यापर्यंत थांबू शकतात. तासातली पंधरा मिनिटं कालचं, वीस मिनिटं नवं लिहिणं, उरलेला वेळ फक्त वाचन. रविवारी नवीन काही नाही.

दुसरी चूक 'बाबा' लिहितानाच दिसते. मध्ये फट पडते आणि ते 'बा बा' असे दोन शब्द वाटतात. कारण अलिफ पुढच्या अक्षराचा हात धरत नाही. दाल, डाल, ज़ाल, रे, ड़े, ज़े, झे आणि वावही धरत नाहीत. 'क़लम' सलग एका तुकड्यात येतो, तर 'दरवाज़ा'मध्ये दाल, रे, वाव, अलिफ, ज़े, हे अशी सहाही अक्षरं सुटी उभी राहतात. फट दिसली की आधी तिच्या उजवीकडचं अक्षर पाहा. ते या नवांपैकी असेल तर शब्द संपलाच असं समजू नका.

सगळ्यात जास्त माणसं गळतात ती मात्रा शोधताना. ऱ्हस्व अ, इ, उ सहसा लिहीतच नाहीत. एक ओळ घ्या: अलिफ-सीन, दाल-लाम, मीम-ये आणि नून गुन्ना, म्हणजे अनुस्वाराचं काम करणारा बिनटिंबाचा नून. पहिला शब्द 'इस' किंवा 'उस', दुसरा 'दिल' किंवा 'दल', तिसरा 'में' किंवा 'मैं'. म्हणजे 'इस दिल में' आणि 'उस दल में' दिसायला एकच. पुढे 'दर्द' आला तर पहिलं, 'लोग' आले तर दुसरं. इथे अडखळलात तर लिपी कच्ची आहे असं समजून पुन्हा अक्षरं घोटायला बसू नका. वाक्य शेवटपर्यंत वाचा आणि मग मागे या. वावचंही तसंच, 'दूर' आणि 'दौर' एकाच रूपात येतात.

फोनवर शिकणाऱ्यांची एक वेगळी फजिती होते. बऱ्याच फोनांवर उर्दू मजकूर नस्ख वळणात, सरळ रेषेत दिसतो. छापील पुस्तकं आणि दुकानांच्या पाट्या मात्र नस्तालीकमध्ये. तिथे शब्द उजवीकडून डावीकडे तिरका उतरतो आणि नुक्ते दाटीत सरकतात. नस्खवर महिना काढलेला माणूस भेंडी बाजारात पाटीसमोर कोरा उभा राहतो. संगणकावर Noto Nastaliq Urdu हा फुकट फॉन्ट टाका आणि सरावाचा मजकूर त्यातच वाचा.

शेवटच्या आठवड्यांत सगळे पाठ असलेली हिंदी गाणी उर्दूत वाचायला घेतात. छान वाटतं, कारण डोळे कागदावर असतात आणि जीभ आठवणीवर चालते. मी आठवडाभर स्वतःला असाच फसवत होतो. तपासायचं असेल तर ओळीतला शेवटचा शब्द आधी वाचा, मग त्याच्या आधीचा, असं उलटं या. जिथे थांबाल ते अक्षर वहीत टिपा. माझ्या यादीत नऊपैकी सात वेळा ये होता. सुटा छान यायचा, दातात हरवायचा. पुढचे दोन दिवस मी नवं काही घेतलं नाही, फक्त 'तीन', 'बीन', 'बेटी' लिहीत बसलो.