डेटा रूम उघडण्याआधी आणि उघडल्यावर: रेड फ्लॅगच्या यादीची तयारी

कंपनी विकत घेताना विक्रेता तिचे करार, दावे आणि परवान्यांचे कागद डेटा रूममध्ये खुले करतो आणि खरेदीदाराची टीम ते वाचून धोक्यांची, म्हणजे रेड फ्लॅगची, यादी करते. पहिला करार उघडण्याआधी व्यवहाराचं स्वरूप लिहून घ्या. कंपनीचे शेअर घेतले जाणार आहेत, की तिचा धंदा आणि मालमत्ता? मालमत्ता घेतली तर प्रत्येक करार नव्या नावावर न्यावा लागतो, त्यामुळे ‘हस्तांतरणाला लेखी संमती हवी’ हे कलम लगेच आड येतं. शेअर घेतले तर करारातला पक्षकार तोच राहतो आणि हे कलम सहसा आड येत नाही. तिथे शोधायचं ते चेंज ऑफ कंट्रोलचं कलम, म्हणजे मालकी बदलल्यास समोरच्याला करार संपवण्याचा हक्क देणारं. टीममधल्या निम्म्या लोकांना हे स्वरूप माहीत नसेल, तर अर्धी यादी चुकीची निघते.

मग डेटा रूमचा इंडेक्स त्या दिवशीच्या तारखेसह उतरवून ठेवा आणि त्यात काय नाही ते आधी बघा. पुरवणी करार क्रमांक 1 आणि 3 आहेत, पण 2 नाही. कराराच्या मजकुरात परिशिष्टाचा उल्लेख आहे, पण परिशिष्ट जोडलेलं नाही. प्रतीवर एकाच बाजूची सही आहे. या गोष्टी रेड फ्लॅगच्या यादीत लगेच टाकू नका. त्यांची वेगळी मागणी-यादी करून विक्रेत्याकडे पाठवा. उत्तर आलं नाही, तरच ते यादीत चढवा.

आता एक प्रकरण घेऊ. शंभर टक्के शेअर घेतले जाताहेत आणि कंपनीची 34 टक्के विक्री एकाच ग्राहकाला होते. मूळ कराराच्या कलम 18 मध्ये फक्त हस्तांतरणाला बंदी आहे. वाचणारा ‘शेअर खरेदी, अडचण नाही’ असं लिहून पुढे जातो. पण तिसऱ्या पुरवणी कराराने ‘हस्तांतरण’ या शब्दाची व्याख्याच बदलली आहे: निम्म्याहून जास्त मालकी बदलली तर तेही हस्तांतरण, आणि संमती घेतली नसेल तर 90 दिवसांच्या नोटिशीने करार संपवता येतो. म्हणून करार वाचायचा तो मूळ मजकूर आणि सगळ्या पुरवण्या शेजारी ठेवून, व्याख्येपासून.

ही गोष्ट करारांच्या फोल्डरमध्येच संपत नाही. दाव्यांच्या फोल्डरमध्ये याच ग्राहकाची उशिरा पुरवठ्याबद्दल दंड मागणारी नोटीस आहे. ज्याची संमती हवी, तोच पैसे मागतोय. संमतीच्या बदल्यात तो दंड वसूल करायला बघेल. तिकडे परवान्यांच्या फोल्डरमध्ये कारखान्याचा परवाना चार महिन्यांत संपतोय आणि त्यावर जुना पत्ता आहे. कायदेशीर परवान्याशिवाय पुरवठा करायचा नाही, अशी अटही त्याच ग्राहकाच्या करारात आहे. तीन फोल्डर तिघांनी वाचले, तर तीन किरकोळ, पिवळ्या नोंदी होतात. एकत्र वाचले तर एक गंभीर, लाल. म्हणून रोज संध्याकाळी अर्धा तास तिघांनी फक्त पक्षकारांची नावं जुळवून पाहावीत. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा वेळ हाच.

दाव्यांसाठी विक्रेत्याने दिलेल्या यादीवर थांबू नका. ती यादी, लेखापरीक्षित हिशेबातल्या संभाव्य देण्यांची टीप आणि वकिलांच्या फीची बिलं समोरासमोर ठेवा. बिल आहे पण यादीत दावा नाही, तर विचारा. कंपनीने स्वतः लावलेल्या दाव्यांतही प्रतिदावा आहे का ते पाहा. यादीत ते ‘येणं’ म्हणून दाखवलेले असतात.

परवान्यांचं काम तुलनेने लहान: कोणाच्या नावावर, कोणत्या पत्त्यासाठी, केव्हापर्यंत, आणि मालकी बदलल्यावर कळवणं पुरतं की पूर्वपरवानगी लागते. परवाना विक्रेत्याच्या दुसऱ्याच कंपनीच्या नावावर असेल, तर तो विकत घेतलेल्या कंपनीबरोबर येणार नाही.

नोंद लिहिताना कागदाचा क्रमांक आणि कलम, कलमाचे मूळ शब्द, त्यामुळे काय होईल, किती पैसे अडकतील आणि उपाय काय, एवढं लिहा. व्यवहाराची किंमत, रचना किंवा पूर्तता ज्याने बदलेल, तेवढंच लाल ठेवा. वरच्या प्रकरणात ग्राहकाची लेखी संमती आणि परवान्याचं नूतनीकरण या व्यवहार पूर्ण होण्याच्या पूर्वअटी होतील. दंडासाठी स्वतंत्र इंडेम्निटी, म्हणजे तो भरावा लागला तर विक्रेता भरून देईल असं वचन, मागावी, कारण खरेदीदाराला आधीच उघड केलेल्या गोष्टीवर सर्वसाधारण हमीतून भरपाई मिळणं बहुतेकदा कठीण जातं. तेवढी रक्कम एस्क्रोमध्ये, म्हणजे तिऱ्हाइताकडच्या खात्यात, ठेवून घेतली तर आणखी बरं. संमतीसाठी ग्राहकाशी कोण आणि केव्हा बोलणार हेही विक्रेत्याशी ठरवून घ्या. गोपनीयतेच्या करारामुळे खरेदीदाराने परस्पर फोन करणं बहुधा चालत नाही.

सहीच्या आदल्या दिवशी इंडेक्स पुन्हा उतरवा आणि पहिल्या दिवशीच्या प्रतीशी ताडून पाहा. मधल्या काळात आलेले कागद, विशेषतः शेवटच्या दोन दिवसांतले, कोणी वाचले त्याचं नाव प्रत्येकापुढे लिहा.