घाऊक ऑर्डरवर भाव कमी मागताय? पत्रात या चुका टाळा

धायरीत माझं वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान आहे. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्यामुळे वर्षाचा निम्मा गल्ला मे-जूनमध्येच होतो आणि भावाची बोलणी एप्रिलमध्ये उरकावी लागतात. अप्पा बळवंत चौकातल्या पुरवठादाराला मी पहिल्यांदा पत्र लिहिलं तेव्हा त्यात एकच मागणी होती, "जुने ग्राहक आहोत, मोठी ऑर्डर देतोय, काहीतरी कमी करा." फोनवर उत्तर आलं, "बघू." पुढे काहीच झालं नाही. चूक माझी होती, कारण भाव कमी करण्याच्या बदल्यात त्यांचं काय वाचेल हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

मोठी ऑर्डर म्हणजे आपोआप स्वस्त, असं आपण धरून चालतो. पुरवठादाराला मात्र कागद, छपाई आणि बांधणीचा खर्च प्रत्येक वहीमागे तेवढाच येतो. त्याचं वाचतं ते टेम्पोच्या फेऱ्यांत आणि उधारीत अडकलेल्या पैशात. म्हणून आधी कागद-पेन्सिल घेऊन तेवढाच हिशोब करावा.

माझा हिशोब असा. २०० पानी वही, छापील किंमत ६० रुपये, आजवर ४० टक्के सूट, म्हणजे हातात ३६ रुपयांना. हंगामात २०० डझन, म्हणजे २,४०० वह्या लागतात. आतापर्यंत मी त्या ५०-५० डझनांच्या चार खेपांत घ्यायचो, प्रत्येक खेपेला महिनाभर उधारी. टेम्पोभाडं ९०० रुपये, ते पुरवठादार भरतो. ६०० वह्या म्हणजे पावणेदोनशे किलोच्या आसपास माल. एवढ्यात छोटा हत्ती पाव भागच भरतो आणि भाडं मात्र पूर्ण पडतं. चारऐवजी दोन खेपा केल्या तर त्यांचे १,८०० रुपये वाचतात. महिन्याची उधारी बंद करून माल उतरताच पैसे दिले, तर ८६,४०० रुपयांवर महिना दीड टक्का व्याजाने १,२९६ रुपये वाचतात. एकूण ३,०९६.

आता सूट ४० वरून ४२ टक्के मागायची. इथे बरेच जण गोंधळतात. "दोन टक्के वाढवून मागितले" असं वाटतं, पण ते छापील किमतीवरचे दोन टक्के आहेत. वही ३६ वरून ३४.८० वर येते, म्हणजे खरेदीभावात ३.३३ टक्के घट. पत्रात दोन्ही आकडे लिहावेत, नाहीतर समोरचा एका टक्क्याबद्दल बोलतो आणि आपण दुसऱ्या. २,४०० वह्यांवर ही सूट २,८८० रुपये होते. त्यांचे ३,०९६ वाचतात, त्यातले २,८८० आपण मागतोय, २१६ त्यांच्याकडे राहतात. मागणीला हो म्हणायला कारण मिळतं ते इथेच.

दुसरी चूक जास्त महाग पडते, ती म्हणजे आपला खर्च न मोजणे. उधारी सोडली की पैसे आपले अडकतात. ३४.८० ने बिल ८३,५२० रुपयांचं, त्याची महिनाभराची उधारी गेली म्हणजे दीड टक्क्याने १,२५३ रुपये. शिवाय पूर्वी १५ मे, १ जून, १५ जून, १ जुलै असा येणारा माल आता १५ मे आणि ८ जून असा दोनदाच येईल, सरासरी बारा दिवस आधी. त्याचे आणखी ५०१. २,८८० मधून हे वजा केले की हातात १,१२६ उरतात. सगळा माल १५ मेलाच उतरवून घेतला असता तर त्याच भावात जेमतेम ६२५ उरले असते आणि दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नसती. म्हणून मी ऑर्डर एक ठेवतो, खेपा दोन.

तिसरी चूक मला एका हंगामात नडली. पत्रात फक्त "२०० पानी वही" लिहिलं होतं. भाव दीड रुपयाने उतरला, मी खूश. गिऱ्हाईकं सांगू लागली की शाई मागच्या पानावर उमटते. तेव्हा तराजू काढला. २४ बाय १८ सेंटिमीटरच्या वहीत शंभर कागद असतात. कागद ५८ जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ५८ ग्रॅमचा असेल तर नुसत्या कागदाचं वजन साधारण २५० ग्रॅम, ५४ असेल तर २३३. एका वहीत फरक कळत नाही, पण डझनाचा गठ्ठा ठेवला की दोनशे ग्रॅम कमी भरतो. माझा तेवढाच कमी भरला. कागद मोजूनही घ्यावेत, कारण १७२ आणि १९२ पानांच्या वह्याही बाजारात असतात. तेव्हापासून पत्रात माप, पाने, जीएसएम आणि रेघ लिहितो आणि नमुन्याची एक वही सही करून दोघांकडे ठेवतो. दुसऱ्या दुकानाचा भाव दाखवून दबाव आणायचा असेल तर तो भाव कोणत्या कागदाचा हे आधी पाहावं, नाहीतर पुरवठादार एका वाक्यात पत्र बाजूला ठेवतो. वह्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, त्यामुळे इथे भाव सरळ ताडून पाहता येतो. कर असलेल्या वस्तूंसाठी मात्र "कर धरून" की "कर सोडून" हे लिहायलाच हवं.

या वर्षी पाठवलेलं पत्र असं होतं:

"सप्रेम नमस्कार. येत्या हंगामासाठी २०० डझन वह्यांची ऑर्डर एकत्र देत आहे. माल: २०० पाने, २४ बाय १८ सेंमी, ५८ जीएसएम, एकेरी रेघ, सोबतच्या नमुन्याप्रमाणे. निम्मा माल १५ मे रोजी, निम्मा ८ जून रोजी पोहोचावा. गेल्या वर्षी चार खेपा झाल्या, या वर्षी दोनच. उधारी नको, प्रत्येक खेप मोजून उतरताच रक्कम बँकेत जमा करीन. आपले भाड्याचे सुमारे १,८०० आणि उधारीचे सुमारे १,३०० रुपये वाचतील असा माझा अंदाज आहे. त्यावरून छापील किमतीवर ४० ऐवजी ४२ टक्के सूट, म्हणजे ३४.८० रुपये भाव मिळावा ही विनंती. एकूण रक्कम ८३,५२० रुपये. कागदाचे भाव हलतात हे जाणतो, म्हणून २० एप्रिलपर्यंत होकार कळवावा आणि हा भाव दुसऱ्या खेपेलाही कायम राहावा. आपला नम्र."

दुसऱ्या खेपेचं ते वाक्य विसरू नका. ते नसेल तर जूनमध्ये "कागद वाढला" म्हणून भाव वाढतो आणि तेव्हा शाळा आठवड्यावर आलेली असल्याने आपल्याला नाही म्हणता येत नाही.

उत्तर आलं साडेएक्केचाळीस टक्क्यांचं, म्हणजे वही ३५.१० ला. लगेच हो म्हटलं असतं तर माझा खर्च जाऊन ३९१ रुपये उरले असते. मी भावावर घासाघीस केली नाही, एवढंच विचारलं, "काका, मग प्रत्येक खेपेला पंधरा दिवसांची मुदत द्याल का?" ती मिळाली. उधारीचा माझा खर्च निम्मा झाला आणि उरणारी रक्कम १,०२३ वर गेली. काकांचा हिशोबही बिघडला नाही, कारण भाड्याचे १,८०० आणि उरलेल्या पंधरा दिवसांचे ६४८ मिळून त्यांचे २,४४८ वाचत होते आणि सूट गेली २,१६० ची.